घरात मायक्रोवेव्ह आहेच, मग ओटीजी कशाला?

गेल्या महिन्यात साताऱ्याहून माझ्या धाकट्या जावेचा फोन आला. तिने सहा महिन्यांपूर्वी ओळखीतल्या लोकांसाठी केक करायला सुरुवात केली आणि आता दिवाळीसाठी नानकटाईची विचारणा व्हायला लागली आहे. "वहिनी, कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आहे ना घरात? त्यात भट्टीसारखंच भाजलं जातं म्हणतात. मग तुम्ही सगळ्या ओटीजी-ओटीजी का करता?"

प्रश्न अगदी रास्त आहे. ओटीजी म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, विजेवर चालणारी छोटी भट्टी. मी स्वतः पहिली दोन वर्षं मायक्रोवेव्हमध्येच ऑर्डरी केल्या. तेव्हा तिला फोनवर जे तुटक तुटक सांगितलं, ते इथे नीट सांगते.

आधी एक गोंधळ दूर करू. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह म्हणजे एका डब्यात बसवलेली दोन वेगळी यंत्रं. त्यातलं मायक्रोवेव्ह हे यंत्र लहरी सोडून पदार्थातलं पाणी तापवतं. त्यात केक फुगतो, पण वरून पांढराच राहतो आणि गार झाला की रबरासारखा चिवट होतो, कारण ओला पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही आणि खरपूस रंग यायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. दुसरं यंत्र कन्व्हेक्शनचं: मागच्या किंवा वरच्या बाजूला एक हीटर आणि त्यामागे पंखा. हीटर तापतो, पंखा ती गरम हवा आत फिरवतो. ऑर्डरीचा केक फक्त या दुसऱ्या यंत्रात करायचा. ॲल्युमिनियमचा टिनही फक्त याच मोडमध्ये चालतो. मायक्रो किंवा कॉम्बिनेशनचं बटण दाबलं गेलं तर आत ठिणग्या उडू शकतात.

ओटीजीमध्ये लहरींची भानगड नाही. वर दोन रॉड, खाली दोन रॉड, मध्ये जाळी. वरचे, खालचे की दोन्ही रॉड लावायचे ते एका बटणाने ठरवायचं, तापमान दुसऱ्या बटणाने, वेळ तिसऱ्याने. आपल्या आज्या मातीच्या चुलीवर पातेलं ठेवून झाकणावर निखारे ठेवायच्या, तोच प्रकार विजेवर.

खरा फरक उष्णता पदार्थापर्यंत कशी पोचते यात आहे. ओटीजीत ती मुख्यतः लाल झालेल्या रॉडमधून थेट अंगावर येते, उन्हात उभं राहिल्यासारखी. कन्व्हेक्शनमध्ये ती वाऱ्यावर येते, मे महिन्यातल्या झळांसारखी. वारा असला की कपडे जसे लवकर वाळतात, तशीच पंख्याच्या हवेत केकची वरची साय लवकर वाळते. माझ्या बहुतेक चुका हा एक मुद्दा न कळल्यामुळे झाल्या होत्या.

केकचं बघू. पाककृतीत लिहिलेलं असतं "१८० अंशांवर ३५ मिनिटं". हे तापमान बहुतेक वेळा पंखा नसलेल्या ओव्हनचं असतं. मी मायक्रोवेव्हवर १८० लावायचे आणि दर वेळी तोच प्रकार: वीस मिनिटांत वर सोनेरी साल, मध्ये टेकडीसारखा उंचवटा, त्यावर तडा, आणि सुरी घातली की मधला भाग ओला. साल आधी वाळून घट्ट झाली, आतलं मिश्रण नंतर फुगलं आणि त्याने सालीला फोडून वर वाट काढली. उंचवटा कापून सपाट केला की केकचा जवळजवळ पाचवा भाग घरच्यांच्या पोटात जायचा. मुलं खूश होती, हिशोब मात्र बसत नव्हता. उपाय साधा आहे. कन्व्हेक्शनवर पाककृतीपेक्षा १५ ते २० अंश कमी, म्हणजे १६० ते १६५ लावायचे आणि वेळ पाच-सात मिनिटं वाढली तर वाढू द्यायची. टिन उंच जाळीवर न ठेवता बुटक्या जाळीवर ठेवायचा. एवढ्यावर माझे केक निम्म्याहून अधिक सपाट झाले.

ओटीजीमध्ये याच्या उलट चूक होते. लहान ओटीजीत टिन आणि वरचा रॉड यांत चार बोटांचंही अंतर राहत नाही. वरून काळपट, आतून कच्चा असा केक निघाला, तर तापमान कमी करण्याआधी टिन एक खण खाली घ्या, आणि तरीही काळपट होत असेल तर शेवटची पंधरा मिनिटं वर बटर पेपर किंवा फॉइल सैलसर टाका. तळ करपत असेल तर टिन गडद रंगाचा आहे का पाहा. काळा टिन उष्णता जास्त ओढतो. सोळा लिटरच्या आतला ओटीजी ऑर्डरीसाठी घेऊ नका असं मी सगळ्यांना सांगते, ते याच अंतरासाठी.

आता नानकटाईकडे. आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी आई मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून जवळच्या बेकरीत जायची. तिथेच पीठ मळलं जायचं आणि मोठाल्या पत्र्यांवर भट्टीत एकदम शेकडो नानकटाया भाजून मिळायच्या. त्या पत्र्याला खालून भट्टीच्या तापलेल्या विटांची धग असायची, म्हणून तळ खरपूस व्हायचा. मायक्रोवेव्हमध्ये नेमकी तीच धग कमी पडते. हीटर मागे किंवा वर, खाली फिरती काचेची ताटली. माझी पहिली नानकटाई वरून छान तडकलेली, खालून पांढरी आणि दाताला चिकटणारी झाली होती. मग मी ॲल्युमिनियमची पातळ थाळी प्रीहीटच्या वेळीच आत तापायला ठेवायला लागले आणि बटर पेपरवर मांडलेली नानकटाई त्या गरम थाळीवर सरकवायला लागले. तळाचा रंग सुधारला. ओटीजीत खालचा रॉड थेट ट्रेखालीच असल्यामुळे हा खटाटोप लागत नाही.

पण चव आणि रंग हे अर्धंच उत्तर झालं. घरच्यासाठी करताना तेवढं पुरतं. ऑर्डर घेणाऱ्याला पहिला प्रश्न पडायला हवा तो असा: एका घाण्यात किती मावतं?

जावेला मी हिशोब मांडून दाखवला. समजा दोन किलो नानकटाईची ऑर्डर आहे. साधारण वीस ग्रॅमची एक धरली तर किलोला पन्नास, म्हणजे शंभर नग. नानकटाई भाजताना पसरते, म्हणून एका नगाला सात सेंटिमीटरचा चौकोन सोडावा लागतो. तिच्या २८ लिटरच्या मायक्रोवेव्हमध्ये गोल थाळी मावते, तीवर बारा बसतात. गोल थाळीत कोपरेच नसतात आणि चौकोनी ट्रे ठेवला तर तो ताटलीबरोबर फिरताना भिंतीला अडकतो. शंभराला बारा म्हणजे नऊ घाणे. एका घाण्याला पंधरा मिनिटं भाजणं आणि तीन मिनिटं काढणं-घालणं धरलं तर १६२ मिनिटं, म्हणजे पावणेतीन तासांना तीन मिनिटं कमी. चाळीस लिटरच्या ओटीजीच्या ट्रेवर पाच गुणिले चार अशा वीस बसतात. पाच घाणे, दीड तास. ओटीजीला पंखा असेल आणि दोन ट्रे एकदम लावून मध्यात वर-खाली बदलले, तर एका फेरीला बावीस मिनिटं धरली तरी तीन फेऱ्यांत, सव्वा तासाच्या आत काम संपतं.

पावणेतीन तास नुसते वेळ म्हणून जड नाहीत. पहिला घाणा आत गेला तेव्हा वळून ठेवलेला शेवटचा घाणा ओट्यावर अडीच तास बसतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात तूप सैल होतं आणि ते नग आत गेल्यावर भाकरीसारखे पसरतात. म्हणून ते फ्रीजमध्ये ठेवायचे. मग फ्रीजमध्ये तेवढी जागा हवी. त्या काळात घरात कुणाला दूध गरम करायचं असेल तर गॅस पेटवा, कारण मायक्रोवेव्ह अडकलेला आहे. आमच्याकडे सासूबाई यावर एक शब्द बोलायच्या नाहीत, फक्त पातेलं गॅसवर जरा जोरात ठेवायच्या.

अंडं नसलेल्या केकला ही वाट बघणं आणखी महागात पडतं, आणि आपल्याकडच्या ऑर्डरींत असे केक बरेच असतात. एगलेस स्पंज फुगतो तो दही किंवा व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र आल्यावर सुटणाऱ्या वायूवर. हा वायू मिश्रण ढवळल्या क्षणापासून सुटायला लागतो, तुमच्या ओव्हनसाठी थांबत नाही. अर्ध्या किलोच्या केकसाठी आपण सहा इंची टिन घेतो. असे दोन टिन म्हणजे पंधरा-पंधरा सेंटिमीटर शेजारी शेजारी; २८ लिटरच्या फिरत्या ताटलीवर ते धड मावत नाहीत. मी एकदा दोन केकचं मिश्रण एकत्र करून एक टिन आत लावला आणि दुसरा चाळीस मिनिटं ओट्यावर ठेवला. दुसऱ्याची उंची पहिल्यापेक्षा बोटभर कमी आली, पोत घट्ट, चिकट. दोन केक एकाच बारशाचे होते, शेजारी शेजारी ठेवायचे होते. बुटक्या केकमध्ये क्रीमचा जास्तीचा थर देऊन उंची जुळवली. नंतर मी मिश्रण दोनदा करायला लागले, म्हणजे भांडी दुप्पट आणि वजनं दुप्पट. ओटीजी आल्यावर दोन्ही टिन एकदम एका जाळीवर गेले आणि हा विषयच संपला. माझ्यापुरतं सांगायचं तर ओटीजीचे पैसे नानकटाईपेक्षाही या एका कारणाने वसूल झाले.

इथे ओटीजीची बाजू फार झुकायला लागली, तर तिचा मोठा दोष सांगते. त्याच्या तापमानाच्या बटणावर विश्वास ठेवू नका. साध्या ओटीजीत दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि रॉड बंद करते. गार झाली की पुन्हा चालू. म्हणजे आतलं तापमान सतत वर-खाली होत असतं आणि बटणावरचे आकडेही ढोबळ असतात. माझ्या ओटीजीत बटण १८० वर असताना जाळीवर ठेवलेलं थर्मामीटर २०० च्या आसपास दाखवतं. मैत्रिणीच्या ओटीजीत तेच १६५ दाखवतं. कुणाचाच बिघडलेला नाही, फक्त प्रत्येकीला आपल्या यंत्राची खोड माहीत असावी लागते. ओव्हनमध्ये ठेवायचं थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतं. ते जाळीच्या मधोमध ठेवा, रॉडबरोबर लागणारा दिवा दोनदा विझेपर्यंत थांबा आणि मग वाचा. पहिल्यांदा दिवा विझतो तेव्हा हवा तापलेली असते, पण पत्रा अजून थंड असतो. दार उघडलं की सगळी धग बाहेर. मायक्रोवेव्हच्या प्रीहीटच्या शिट्टीलाही हेच लागू आहे. शिट्टी वाजल्यावर आणखी पाच-सात मिनिटं तसाच चालू राहू द्या.

थर्मामीटर एका जागेचं तापमान सांगतं. कुठला कोपरा जास्त भाजतो हे बघायला मी पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइस वापरते. जाळीभर स्लाइस शेजारी शेजारी मांडायच्या, १८० वर सहा-सात मिनिटं ठेवायच्या आणि तशाच क्रमाने ताटात काढायच्या. माझ्या ओटीजीत मागचा उजवा कोपरा तपकिरी झाला आणि दाराजवळची रांग जवळजवळ पांढरी राहिली. तेव्हापासून नानकटाईचा ट्रे नवव्या मिनिटाला मी १८० अंशात फिरवते, म्हणजे मागची बाजू पुढे. मायक्रोवेव्हमध्ये ताटली फिरत असल्यामुळे कोपऱ्याचा प्रश्न नसतो, पण कडेची रांग आणि मधला भाग यांत फरक दिसतो. म्हणून तिथे मधली जागा मोकळी सोडून कडेकडेने मांडलेलं बरं. म्हणजे बारावरून तुम्ही नऊवर आलात, तोही हिशोब धरा.

विजेचं थोडक्यात. दोन्हींचा प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावायचा. कन्व्हेक्शनवर दोन हजार वॅट ओढले जातात असं धरलं तर २३० व्होल्टला जवळजवळ पावणेनऊ अँपिअर होतात; मिक्सरच्या सहा अँपिअरच्या सॉकेटला हे झेपत नाही, तो तापतो आणि वितळतो. बिलाची मात्र फार धास्ती नको. १६०० वॅटचा ओटीजी बारा मिनिटं प्रीहीटला पूर्ण वेळ आणि पुढची चाळीस मिनिटं निम्मा वेळ चालू धरला, तर एका केकला एक युनिटही लागत नाही. किंमत ठरवताना क्रीमचा खर्च बघा, विजेचा नंतर.

वीज जाते तेव्हा मात्र दोघांचे स्वभाव वेगळे. ओटीजीचा टायमर बहुतेक चावीचा असतो. वीज गेली तरी तो टिकटिक करत पुढे सरकतो आणि वीज आली की रॉड आपोआप लागतात. तुम्ही किती मिनिटं गेली ते लक्षात ठेवून टायमर वाढवायचा. मायक्रोवेव्हचा पडदा कोरा होतो, वीज आल्यावर सगळं पहिल्यापासून लावावं लागतं, आणि तुम्ही शेजारच्या खोलीत असाल तर केक आत नुसता गार होत बसतो. दोन्ही वेळा एकच पथ्य: दार उघडून बघायचं नाही. आमच्या भागात दुरुस्तीसाठी ठरावीक वारी वीज जाते. त्या वारी मी सकाळी केकच लावत नाही.

दुरुस्तीतही फरक आहे. ओटीजीचा रॉड गेला तर गल्लीतला इलेक्ट्रिशियन बदलून देतो. मायक्रोवेव्ह प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठवून ठेवू शकतो, त्यामुळे त्याचं झाकण घरी कुणीही उघडू नये.

मग जावेने काय घ्यावं? आठवड्याला एक-दोन केक असते तर मी तिला काहीच घ्यायला सांगितलं नसतं. आहे त्या मायक्रोवेव्हवर तापमान वीसने कमी कर, थर्मामीटर आण, बुटकी जाळी वापर, काम चालतं. पण नानकटाई आणि कुकीज किलोच्या हिशोबाने करायच्या असतील, किंवा एका दिवसात दोन एगलेस केक द्यायचे असतील, तर ३५ ते ४० लिटरचा ओटीजी, आणि त्यात पंखा वेगळ्या बटणाने चालू-बंद करता येणारा. स्पंजला पंखा बंद, कुकीजला चालू. पंखा कायम चालू राहणारा असेल तर पुन्हा मायक्रोवेव्हच्याच टेकड्या आणि तडे. साठ लिटरचा मोह टाळ म्हटलं. तो तापायला वेळ घेतो आणि त्यात सहा इंची एकच केक ठेवायचा म्हणजे चौघांच्या स्वयंपाकाला लग्नाचं पातेलं. दुकानात जाताना आपला मोठा टिन आणि टेप घेऊन जायचं, आतली रुंदी मोजायची. लिटरच्या आकड्यावरून दोन टिन शेजारी मावतील की नाही ते कळत नाही.

तिने ओटा मोजला. बाहेरचा पत्रा चांगलाच तापतो, म्हणून मागे आणि दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून ओटीजी नीट बसतोय. फक्त तिच्या स्वयंपाकघरात १६ अँपिअरचं सॉकेट एकच आहे आणि तिथे मायक्रोवेव्ह लावलेला आहे. उद्या वायरमन येतोय.